रूक लिफ्ट: f1 चा हत्ती h3 वर कधी आणि कोणत्या क्रमाने न्यायचा

समोरच्याने राजाच्या बाजूला कॅसलिंग केलं की बरेच खेळाडू हत्ती उचलून तिसऱ्या रांगेत आणतात, तिथून h पट्टीवर सरकवतात आणि मग काय करायचं ते शोधू लागतात. दोन चाली गेलेल्या असतात, हत्ती h3 वर एकटा उभा असतो आणि तोवर काळ्याने मध्य फोडलेला असतो. हत्ती उचलण्यात चूक नसते, तो फार लवकर उचलला जातो ही खरी अडचण. त्याआधी तीन-चार गोष्टी जागेवर असाव्या लागतात आणि त्यांचा क्रम बदलला तर तीच चाल वाया जाते.

हा लेख एकाच मांडणीवर आहे. पांढऱ्याची प्यादी c3, d4, e3, f4 वर, उंट d3 वर, घोडा e5 वर आणि हत्तीचा मार्ग f1–f3–h3. हिला स्टोनवॉल म्हणतात. a1 किंवा e1 वरूनही हत्ती उचलता येतो, पण क्रम समजून घ्यायला ही मांडणी सर्वांत स्वच्छ आहे, कारण इथे प्रत्येक सोंगटीचं काम स्पष्ट दिसतं.

चाली नेहमीच्या पद्धतीने लिहिल्या आहेत: K राजा, Q वजीर, R हत्ती, B उंट, N घोडा. पट मांडून वाचलंत तर बरं, नुसतं डोळ्यांनी वाचून यातलं निम्मंच हाती लागतं.

## टप्पा १: आधी मध्य बंद आहे का ते बघा

हत्ती f1 वरून h3 वर जायला दोन चाली लागतात. त्या दोन चालींत काळा काय करू शकतो, हा पहिला प्रश्न. मध्य उघडा असेल, म्हणजे d किंवा e पट्टीवर प्यादी नसतील, तर त्याचे हत्ती आणि वजीर सरळ तुमच्या पहिल्या रांगेकडे येतात आणि तिथला पहारेकरी तुम्ही नुकताच h3 वर पाठवलेला असतो. d4 आणि d5 ही प्यादी एकमेकांना अडवून उभी असतील तर काळ्याला तिथून यायला वाट नाही. उरतो तो c पट्टीचा रस्ता.

त्यासाठी एक सवय लावून घ्या. काळ्याने ...cxd4 मारलं तर साधारणपणे e प्याद्याने मारा, c प्याद्याने नको. cxd4 केलं की c पट्टी पूर्ण उघडते आणि काळ्याचा c8 वरचा हत्ती विनासायास कामाला लागतो. exd4 ने ती तुमच्या बाजूने बंद राहते, आणि उघडलेली e पट्टी तुमच्याच उपयोगाची असते.

तपासा: काळ्याला पुढच्या दोन चालींत ...e5 रेटता येतं का? येत असेल तर थांबा. e5 वर तुमचा घोडा पक्का बसल्याशिवाय हत्तीला हात लावू नका.

## टप्पा २: तिसरी रांग मोकळी करा

हत्ती f3 वर यायचा तर f प्यादं f4 वर गेलेलं हवं आणि f3 वरचा घोडा तिथून निघालेला हवा. हे अगदी उघड वाटतं, पण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एक घोडा e5 वर जातो आणि लगेच दुसरा d2 वरून f3 वर आणला जातो, कारण "सोंगटी विकसित करायची". झालं, हत्तीचा रस्ता पुन्हा बंद. या मांडणीत दुसऱ्या घोड्याची जागा d2 आहे. तिथून तो e4 वर नजर ठेवतो, आणि काळ्याच्या घोड्याला e4 वर फुकट बसू न देणं हे त्याचं मुख्य काम.

हत्ती उचलण्याआधी e5 वरचा घोडा का हवा, याचं कारण नुसतं रस्ता मोकळा करणं नाही. तो f7 वर नियंत्रण ठेवतो. काळ्याने पुढे कधी f प्यादं सरकवून राजाला f7 ची वाट काढायचा प्रयत्न केला, तर हाच घोडा ती वाट अडवतो. खालच्या उदाहरणात हे प्रत्यक्ष दिसेल.

सावध: f4 आणि d4 ही दोन्ही प्यादी e5 ला आधार देत असतील तरच घोडा तिथे टिकतो. d6 वर काळ्याचा उंट आणि f6 वर घोडा असताना काळ्याने ...Nxe5 मारलं तर fxe5 ने प्यादं एकदम दोघांवर धावून जातं. म्हणून काळा बहुधा तसं मारत नाही, मारलंच तर उंटाने मारतो.

## टप्पा ३: लक्ष्य ठरवा, h7 की g7

हत्ती h3 वर का न्यायचा, g3 वर का नाही? याचं उत्तर चाल खेळण्याआधी असलं पाहिजे.

d3 चा उंट h7 कडे रोखलेला असेल आणि वजिराला d1–h5 ही तिरपी वाट मोकळी असेल, तर h3. तिथे हत्ती, उंट आणि वजीर तिघांचा मारा एकाच घरावर एकवटतो. ही तिरपी वाट e2, f3, g4 यांवरून जाते. म्हणजे हत्ती f3 वर असेपर्यंत ती बंद असते आणि तो h3 वर सरकला की आपोआप उघडते. लिफ्टची दुसरी चाल दुहेरी काम करते ती यामुळे.

काळ्याने h6 खेळलेलं असेल आणि राजा g8 वरच असेल, तर g3 चा विचार करा. g पट्टी मोकळी असली की g7 चं प्यादं राजापुढे जखडलं जातं. मग h6 वर तुम्ही काही मारलं तरी ते प्यादं परत मारू शकत नाही.

आणि h3 निवडण्याआधी c8–h3 ही तिरपी रेघ बघा. e6 वर काळ्याचं प्यादं असेल तर ती बंद आहे. ते प्यादं नसेल आणि उंट c8 वर असेल, तर तुमचा हत्ती h3 वर पोचताच मारला जाईल. हे लिहायलाही संकोच वाटतो, पण वेगवान डावांत असे हत्ती रोज जातात.

## टप्पा ४: f6 चा घोडा, खरा पहारेकरी

h7 चं रक्षण राजा करतोच, पण राजावर विसंबून चालत नाही. खरं रक्षण f6 चा घोडा करतो. तो h7 राखतो आणि h5 वर येणाऱ्या वजिरालाही हाकलतो. त्यामुळे लिफ्टचं गणित एका प्रश्नावर येऊन थांबतं: तो घोडा आत्ता कुठे आहे, आणि हलला तर काय होतं?

हे एका पूर्ण डावाच्या सुरुवातीतून बघू.

```
1.d4 d5 2.e3 Nf6 3.Bd3 e6 4.f4 c5 5.c3 Nc6
6.Nf3 Bd6 7.O-O O-O 8.Nbd2 b6 9.Ne5 Bb7 10.Rf3
```

इथे मध्य बंद आहे, घोडा e5 वर आहे, दुसरा d2 वर आहे, d3 चा उंट h7 कडे बघतोय. तिन्ही टप्पे पुरे झाल्यावर दहाव्या चालीला हत्ती उचलला. आता काळ्याच्या तीन उत्तरांना तीन वेगळ्या रीतींनी तोंड द्यायचं आहे.

### काळा घोडा मागे घेतो: 10...Nd7

e5 च्या घोड्यावर दडपण वाढवायचं म्हणून ही चाल अगदी साहजिक दिसते. पण पहारेकरी गेला आणि हत्तीला h3 वर जायचीसुद्धा वाट बघावी लागत नाही.

```
11.Bxh7+ Kxh7 12.Rh3+ Kg8 13.Qh5
```

हत्तीची दुसरी चाल शह देत झाली, म्हणजे ती फुकट मिळाली. आता काळ्याकडे काय आहे ते एकेक करून बघा. वजीर h7 वर किंवा h8 वर मात करणार आहे आणि त्याच्या पाठीशी h3 चा हत्ती उभा आहे. घोडा f6 वर परत आणून वजिराला हाकलावं तर Qh8 मात. f प्यादं हलवून राजाला वाट द्यावी तर f7 वर e5 च्या घोड्याचा ताबा, पुन्हा मात. हत्ती f8 वरून e8 ला सरकवून राजाला वाट करावी, तर 14.Qxf7 मात: वजिराला घोड्याचा आधार आहे, h7 आणि h8 ही घरं हत्तीने रोखली आहेत, आणि f8 वर वजिराचाच मारा आहे. वजीर h4 वर टाकून वेळ काढता येतो, पण त्यात वजीर जातो.

ही शेवटची, Qxf7 ची मात पटावर मांडून बघाच. h पट्टीवर वजीर हत्तीच्या पुढे उभा होता. तो बाजूला झाला की हत्तीचा मारा सगळ्या पट्टीवर पसरतो. हत्तीने h3 वरून पुढे एक घरही न सरकता मातीत अर्धा वाटा उचलला.

काळ्याने अकराव्या चालीला राजाने उंट न मारता Kh8 खेळलं तर त्याने निदान मात टाळली. पण प्यादं गेलेलं आहे आणि राजापुढचं आवरणही.

### काळा काहीच करत नाही: 10...Rc8

आता 11.Rh3. घोडा अजून f6 वर आहे, तरीही धमकी आहे, आणि ती कोणती हे सांगता आलं नाही तर ही चाल खेळू नये. धमकी अशी: 12.Bxh7+ Nxh7 13.Qh5. राजा h7 वर मारू शकत नाही, कारण आता उंटाला हत्तीचा आधार आहे. घोड्याने मारलं तर तो तिथे जखडल्यासारखा होतो. हलून f6 वर गेला तर Qh8 मात. h7 वर मात टाळायला काळ्याने 13...Re8 खेळलं, तर 14.Qxh7+ Kf8 15.Qh8+ Ke7 16.Qxg7, म्हणजे दिलेली सोंगटी परत मिळाली, वर दोन प्यादी मिळाली आणि काळ्याचा राजा मध्यात आला.

लक्षात घ्या, इथे उंट दिला ते मातीच्या भरवशावर दिलेला नाही. हिशेब सोंगटी परत मिळण्यावर चुकता होतो. बलिदान देण्याआधी असा हिशेब हाताशी असला की "बघू पुढे काय होतं ते" म्हणावं लागत नाही.

काळ्याने यावर 11...Ne4 खेळून उंटाची रेघ अडवली तर? बरेच जण इथे गडबडून उंट मागे घेतात. घेऊ नका.

```
12.Bxe4 dxe4 13.Qh5 h6 14.Ng4
```

घोडा f6 वरून गेला, वजीर h5 वर आला, h6 हे प्यादं आता लक्ष्य झालं. धमकी Nxh6+ ची. समजा काळ्याने घोड्याला हाकलायला 14...f5 खेळलं:

```
15.Nxh6+ gxh6 16.Qg6+ Kh8 17.Rxh6#
```

पंधराव्या चालीला काळ्याने प्याद्याने न मारता राजा हलवला, तर Nf7+ वजिराचा शह उघडतो आणि पाठोपाठ d8 चा वजीर मिळतो. हा बारकावा आधी बघून ठेवा. घाईत असलेला खेळाडू gxh6 गृहीत धरतो आणि समोरच्याने Kh7 खेळलं की घड्याळाकडे बघत बसतो.

### काळा नीट बचाव करतो: 11...g6

Rh3 नंतरचं सर्वांत शहाणं उत्तर हे. उंटाची रेघ h7 पर्यंत पोचत नाही आणि वजिरालाही h5 वर येता येत नाही. इथे निराश होऊन हत्ती परत आणणं जसं चूक, तसं Bxg6 मारून सोंगट्या उधळणंही चूक. g6 मुळे f6 आणि h6 ही घरं कमकुवत झाली, आणि f6 चा घोडा आता h7 चं रक्षण सोडून कुठेही जाऊ शकत नाही. त्याच्यावरच दडपण वाढवा.

12.Qe1 खेळून वजीर h4 कडे न्या. h4 वर वजीर, त्याच्या मागे h3 वर हत्ती, आणि घोडा हलला की Qxh7 मात. मग 14.Ng4 ची वेळ येते. ती चाल f6 च्या घोड्यावर दुसरा हल्ला करते. काळ्याने ...Nxg4 मारलं तर h7 वर मात. तसंच ठेवलं तर Nxf6+, मग Qxf6 नंतर पुन्हा h7 वर मात.

काळ्याचे दोन इलाज लक्षात ठेवा, कारण चांगला खेळाडू तेच शोधेल. एक, ...Be7 खेळून f6 ला आणखी आधार द्यायचा आणि Ng4 ला ...h5 ने उत्तर द्यायचं. दुसरं, वजीर h4 वर पोचण्याआधीच ...Ne4 खेळायचं. Qe1 नंतर लगेच ...Ne4 आलं तर उंटाने मारा, पण त्यावर Qh4 खेळलं तर काळा d8 च्या वजिराने वजिरांची अदलाबदल करू शकतो, हे ध्यानात ठेवा. वजीर h4 वर पोचल्यानंतर मात्र ...Ne4 उशिराचं आहे: Qxh7 मात.

## टप्पा ५: पाठीमागचं घर

हत्ती h3 वर असताना तुमच्या पहिल्या रांगेत a1 चा हत्ती, c1 चा उंट आणि g1 चा राजा उरतो. c1 चा उंट स्वतःच्याच प्याद्यांत कोंडलेला आहे आणि a1 चा हत्ती त्याच्यामागे. म्हणजे पहिल्या रांगेचं रक्षण कागदावर जेवढं दिसतं त्यापेक्षा कमी आहे. हल्ला पाचेक चालींत निर्णायक होणार नसेल, तर मध्ये दोन चाली काढून b3 आणि Bb2 करा, किंवा योग्य वेळी e4 रेटून उंटाला वाट द्या. हा वेळ "वाया" जात नाही. त्याविना बलिदान दिलं आणि शह संपले, की काळ्याचा एकच हत्ती c1 किंवा e1 वर येऊन डाव फिरवतो.

सावध: b7 चा काळा उंट c6 च्या घोड्यामुळे आणि d5 च्या प्याद्यामुळे गप्प आहे. c6 चा घोडा निघाला आणि d5 चं प्यादं हललं किंवा मारलं गेलं की b7–f3 ही रेघ उघडते आणि तुमचा हत्ती त्या वेळी f3 वर असेल तर त्याच्यावर हल्ला होतो. म्हणून हत्तीने f3 वर मुक्काम करू नये. f3 हा थांबा आहे, पोचायचं h3 वर. Rf3 खेळून नंतर दुसरीकडे दोन चाली खेळणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

## हत्ती कधी उचलू नये

काळ्याने ...f5 खेळून त्याचं प्यादं तिथे पक्कं बसवलं असेल तर d3 च्या उंटाची रेघ मध्येच तुटली. h7 वर एकट्या वजिराने आणि हत्तीने काही होत नाही. शिवाय f7 चं घर रिकामं झाल्याने, g7 चं प्यादं पुढे सरकलं की काळ्याचा वजीर सातव्या रांगेतून h7 राखू शकतो. तिथे लिफ्ट सोडून द्या आणि योजना बदला. g4 रेटून f5 फोडता आलं तर हत्ती पुढे g पट्टीवर उपयोगी पडेल, पण तो वेगळा खेळ झाला.

काळ्याचा घोडा c6 वरून e7 आणि मग g6 किंवा f5 कडे निघालेला असेल तर मोजणी नव्याने करा. राजाजवळ आता दोन घोडे राखणीला आहेत. तुमच्या बाजूने हत्ती, वजीर, उंट आणि घोडा असे चार येतात का, ते बघा. तीनच येत असतील तर आधी एक अदलाबदल करून त्यांचा राखणदार कमी करा, बलिदान नंतर.

हीच मांडणी काळ्याकडूनही खेळता येते. डच बचावात f5, e6, d5, c6 अशी भिंत उभी असते, हत्ती f8–f6–h6 असा जातो आणि लक्ष्य h2 असतं. सगळे टप्पे तसेच लागू, पण काळा एक चाल मागे असतो, म्हणून पहिल्या टप्प्यातली मध्याची तपासणी त्याने अधिक कडकपणे करावी. पांढऱ्याला e4 रेटता येत असेल तर f6 वर हत्ती नेऊच नये.